बेचाळीस माणसं, दोन दिवस आणि ‘रेट काय?’

लोणावळा-कार्ला पट्ट्यातल्या रिसॉर्टला फोन करून “चाळीसेक जण आहोत, रेट काय?” असं विचारलं, की आकडा लगेच मिळतो. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून तो दिलेला असतो. तो बहुधा आठवड्यातल्या सर्वांत रिकाम्या वाराचा, एका खोलीत तिघं धरून आणि कर वगळून काढलेला असतो. कंपनीतला जो कुणी ही ऑफसाइट जमवतोय, तो हा आकडा साहेबांना सांगून मोकळा होतो. खरं बिल त्याच्या कितीतरी वर जातं आणि मग भांडण सुरू होतं.

रिसॉर्टवाल्याला भाव काढायला चार गोष्टी लागतात: तारीख, खोल्या, हॉल आणि जेवणं. त्या चौकशीतच दिल्या, तर पहिलंच उत्तर कामाचं येतं.

पुण्यातली एक कंपनी समजू. 42 माणसं, एक रात्र, दोन दिवस. दोघांत एक खोली म्हणजे 21 खोल्या, असा हिशेब कुणीही करील. पण त्यात 27 पुरुष आणि 15 बायका असतील, तर दोन्हीकडे एकेक माणूस सुटा उरतो आणि खोल्या 22 लागतात. एकट्याने खोली घेणाऱ्याचा दर जास्त असतो, तो विचारून ठेवावा. साहेबांना स्वतंत्र खोली हवी असेल, तर उरलेल्यांपैकी एक त्यांचीच धरता येते. म्हणून नुसता एकूण आकडा न देता पुरुष किती, बायका किती हे लिहावं. ‘ट्विन’ म्हणजे दोन वेगळे पलंग, हेही स्पष्ट लिहावं. नाहीतर ऑफिसातल्या दोन सहकाऱ्यांना एकाच डबल बेडवर रात्र काढावी लागते.

आता तारीख. हॉल असलेली रिसॉर्टं लग्नांवरही जगतात, म्हणून मुहूर्ताचे शनिवार-रविवार त्यांच्याकडे आधीच भरलेले असतात. चातुर्मासात लग्नं थांबतात आणि हॉल मोकळे होतात, पण लोणावळ्यात नेमका तेव्हाच पावसाळी पर्यटकांचा लोंढा असतो. हा लोंढा मुख्यतः शनिवार-रविवारचा. त्यामुळे पावसाळ्यातले मंगळवार ते गुरुवार हे कंपनीच्या सर्वांत फायद्याचे दिवस. दोन तारखा दिल्या आणि “यांतली जी स्वस्त पडेल ती” असं लिहिलं, तर घासाघीस निम्मी तिथेच होते. आणखी एक गंमत: आखाडात मटणाला पुरे पडणार नाही म्हणणारी हीच माणसं श्रावण लागला की शाकाहारी होतात. म्हणजे तारीख बदलली की ताटांची विभागणीही बदलते.

हॉलच्या बाबतीत फसगत खुर्च्यांच्या मांडणीत होते. ‘आमचा हॉल शंभराचा’ याचा अर्थ नुसत्या रांगेने खुर्च्या लावल्या तर शंभर. गटागटाने गोल टेबलांभोवती बसायचं असेल, तर त्याच हॉलमध्ये साधारण निम्मी माणसं मावतात. म्हणून मांडणी सांगावी आणि हॉलची लांबी-रुंदी मागावी. मध्ये खांब आहेत का, दिवसा पडद्यावरचं दिसतं का, हेही विचारावं. पावसाळ्यात वीज जाणं नवीन नाही. ‘जनरेटर आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नये, त्यावर हॉलचा एसी आणि प्रोजेक्टर चालतात का, हे विचारावं. कित्येक ठिकाणी फक्त दिवे आणि पंखे चालतात. लॉनवरचे खेळ ठरवले असतील, तर पाऊस आल्यावर त्यांची सोय कुठे, हा प्रश्नही याच चौकशीतला.

सर्वांत मोठा घोळ जेवणांचा. रिसॉर्टचं ‘एक दिवसाचं पॅकेज’ बहुधा दुपारच्या चेक-इनपासून दुसऱ्या सकाळच्या नाश्त्यापर्यंत असतं. कंपनीची बस मात्र सकाळी साडेनऊला दारात उभी असते आणि दुसऱ्या दिवशी जेवूनच निघते. पोहोचल्यावरचा नाश्ता आणि निघतानाचं जेवण म्हणून पॅकेजबाहेर पडतं. खोल्या दोनपर्यंत मिळणार नसतील, तर सामान कुठे ठेवायचं, हातपाय कुठे धुवायचे, हेही आधी ठरवावं लागतं.

मग चौकशी अशी लिहावी:

“नमस्कार. आमच्या कंपनीच्या 42 जणांसाठी (27 पुरुष, 15 महिला) एक रात्र मुक्काम हवा आहे. तारीख 6-7 ऑगस्ट, गुरुवार-शुक्रवार. जमत नसल्यास 20-21 ऑगस्ट. दोघांत एक, वेगळे पलंग, एकूण 22 खोल्या. सकाळी 9.30ला पोहोचू, दुसऱ्या दिवशी दुपारी 3ला निघू. पोहोचल्यावर नाश्ता, दोन्ही दिवस दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, दुसऱ्या दिवशीचा नाश्ता, चार वेळा चहा. 4 जण जैन जेवणाचे. हॉल दोन्ही दिवस, गोल टेबलं, प्रोजेक्टर आणि दोन माइक. एक मोठी बस, चालक आणि क्लीनरची राहण्या-जेवणाची सोय. यातलं दरात काय धरलं आहे, काय वेगळं, आणि कर किती, हे कृपया लेखी कळवावं. या तारखा किती दिवस राखून ठेवता येतील?”

याची दोन उत्तरं आली असं धरू. पहिला म्हणतो, माणशी 4,000 रुपये. दुसरा म्हणतो, 4,900. पहिल्याच्या पत्राखाली बारीक अक्षरात हॉल 15,000, पोहोचल्यावरचा नाश्ता माणशी 250, दुसऱ्या दिवशीचं जेवण माणशी 600. एकट्याच्या दोन खोल्यांचे दोघंही प्रत्येकी 1,500 जादा घेतात. त्याखेरीज दुसऱ्याच्या दरात सगळं आलं आहे. बेरीज केली तर पहिला 2,21,700 रुपयांवर जातो आणि दुसरा 2,08,800वर थांबतो. स्वस्त वाटणारा जवळजवळ तेरा हजारांनी महाग निघाला.

करही वेगळा विचारावा. खोलीचं दिवसाचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर सप्टेंबर 2025पासून जीएसटी 5 टक्के आहे, त्यावर असेल तर 18. हॉलच्या भाड्यावर 18 टक्के लागतो. गोव्याचा बेत असेल तर आणखी एक खाच आहे. हॉटेलच्या मुक्कामाचा कर मालमत्ता ज्या राज्यात आहे त्या राज्याचा धरला जातो, त्यामुळे फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला गोव्यात भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही. भावांची तुलना करताना हिशेबनिसाला आधी गाठावं.

भाव पटला तरी एक आकडा ठरवायचा उरतो. रिसॉर्टवाला ‘मिनिमम गॅरंटी’ मागतो, म्हणजे येवोत न येवोत, एवढ्या माणसांचे पैसे लागणारच. 42 सांगितलेत म्हणून तिथे 42 लिहून देऊ नये. आयत्या वेळी कुणाचं मूल आजारी पडतं, कुणाचं क्लायंटकडे काम निघतं. 38ची हमी द्यावी आणि शेवटचा आकडा दोन-तीन दिवस आधी कळवायची मुभा मागावी. तोंडी ‘होल्ड’ला अर्थ नसतो, दुसरं गिऱ्हाईक आगाऊ रक्कम घेऊन आलं की तारीख गेली. कोणत्या तारखेपर्यंत राखून ठेवणार, आगाऊ किती, रद्द केलं तर किती परत आणि तारीख पुढे ढकलली तर ती रक्कम वळती होईल का, हे ईमेलवर घ्यावं. शिवाय खोलीतल्या मिनीबारचं आणि जादा मागवलेल्या पदार्थांचं बिल कंपनीच्या खात्यावर चढवायला फक्त एका माणसाची सही चालेल, हेही त्याच ईमेलमध्ये लिहून टाकावं.