नाव नसलेला नवरा

पेन्शनच्या खिडकीपाशी कारकुनानं विचारलं, ‘‘मयताचं नाव?’’ आजी गप्प. त्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा तिनं माझ्या दंडाला हळूच चिमटा काढला. तू सांग, असा त्याचा अर्थ. मी ‘गोविंद’ म्हटलं, कारकुनानं लिहून घेतलं, आणि आजीनं पदर सावरला. पंचावन्न वर्षं ज्यांच्याबरोबर संसार केला त्यांचं नाव तिला येत नव्हतं असं नाही. ते तिच्या तोंडून बाहेर पडत नव्हतं, एवढंच.

आजोबा होते तेव्हा ती त्यांना हाक कशी मारायची, हे मी आठवून पाहिलं. ‘अहो’ म्हणायची, पण तेही घरात म्हातारं माणूस नसताना. चारचौघांत ती हाक मारायचीच नाही. बांगड्या वाजवायची, भांडं आपटायची, नाहीतर आम्हा मुलांना पाठवायची. तिसऱ्या माणसाशी बोलताना आजोबा ‘हे’ होत किंवा ‘तुमचे काका’. शेतावरच्या बायका त्यांच्या नवऱ्यांना ‘धनी’, ‘मालक’, ‘कारभारी’ म्हणत. आणि आजीच्या सासूच्या पिढीत याच्याही पलीकडची रीत होती, ती म्हणजे ‘इकडे’.

‘इकडे’ म्हणजे खरं तर दिशा. पण जुन्या पांढरपेशा घरांतल्या बायकांनी तिचा नवरा केला. ‘इकडून कधी येणं झालं?’ ‘इकडची तब्येत कशी आहे?’ ही वाक्यं नवऱ्याच्या तोंडावर बोलली जात. यात नाव तर नाहीच, ‘तुम्ही’सुद्धा नाही. ‘तुम्ही कधी आलात?’ म्हटलं तर क्रियापद थेट माणसाला जाऊन भिडतं. ‘येणं झालं’ म्हटलं की आलेला माणूस बाजूला राहतो, उरते फक्त येण्याची क्रिया. दुसरीच्या नवऱ्याबद्दल विचारायचं झालं की ‘तिकडून काय म्हणणं आहे?’ एवढ्या एका अक्षराच्या फरकावर दोन बायकांचं दोन नवऱ्यांबद्दलचं बोलणं न अडखळता चाले.

‘स्वारी’चं असंच. स्वारी हा शब्द स्त्रीलिंगी. त्यामुळे ‘स्वारी रागावली’, ‘स्वारी अजून उठली नाही’ असं म्हणताना मिशाळ नवरा व्याकरणात बाई होई. बायकोचंही काही वेगळं नव्हतं. तीही नवऱ्याच्या बोलण्यात ‘कुटुंब’ होई, म्हणजे नपुंसकलिंगी: ‘कुटुंब माहेरी गेलंय.’ नाहीतर ती ‘मंडळी’ होई. कधी तर ती नुसती जागाच उरे: ‘घरात विचारून सांगतो.’ जो शब्द माणसाच्या जवळ जातो तो टाळायचा आणि शेजारचा घ्यायचा, हे यामागचं सूत्र.

पण दोघांची कारणं सारखी नव्हती. बायकोनं नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं असे. नवऱ्याला अडवी ती लाज. आईवडिलांसमोर बायकोला नावानं हाक मारणं म्हणजे लगट दाखवणं. शास्त्राचा आधारही होता. एका जुन्या संस्कृत वचनात कुणाकुणाचं नाव घेऊ नये याची यादी आहे. तीत स्वतःचं, गुरूचं, थोरल्या अपत्याचं आणि अतिकृपणाचं नाव आहे, तसंच बायकोचंही. म्हणजे कागदावर बंधन पुरुषावर होतं. रोजच्या जगण्यात मात्र ‘अगं’ हे ‘अहो’पेक्षा कितीतरी मोकळेपणानं ओरडता येई.

नवऱ्यापेक्षा कठीण प्रकरण सासऱ्यांचं. आजीच्या सासऱ्यांचं नाव विठोबा. त्यामुळे तिचा देव आयुष्यभर ‘पांडुरंग’ राहिला. आषाढीला सगळं घर ‘विठ्ठल विठ्ठल’ करी तेव्हा ती टाळ्या वाजवी, ओठ मात्र हलत नसत. पुढे सासरे गेले आणि त्यांचं नाव थोरल्या नातवाला ठेवलं, तसं पुष्कळ घरांत ठेवतात. आता पोटच्या पोराला हाक कशी मारायची? तर ‘अप्पा’. माझे थोरले काका दोन वर्षांचे असल्यापासून अप्पा आहेत. जुन्या घरांतून रांगत्या वयाचे जे अण्णा, तात्या, नाना आढळतात, त्यांतल्या काहींचं मूळ अशा अडचणीत असतं.

बाकीच्या सासरला नात्याचे शब्द पुरत: मामंजी, सासूबाई, वन्सं, जाऊबाई. दीर दहा वर्षांचा शेंबडा असला तरी ‘भावोजी’. सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणण्यात जुन्या नात्याची खूण आहे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रात अनेक जातींत होती, त्यामुळे सासू ही खरोखरच मुलीची आत्या असे. आत्या नसलेल्या सासूलाही तो शब्द चिकटला.

या सगळ्यात सुनेच्या नावाचं काय होई ते पाहण्यासारखं आहे. लग्नात ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीनं तिचं नवं नाव लिहीत. आणि इतक्या थाटानं दिलेलं नाव पुढे फारसं कुणी उच्चारत नसे. ती सूनबाई होई, मग वहिनी, मग कुणाची तरी आई. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना याचा हिशेब समोर आला. परक्या माणसाला स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगणाऱ्या जवळपास 28 लाख स्त्रियांची नावं यादीतून गळली. त्या मुख्यतः उत्तरेकडच्या प्रांतांतल्या होत्या.

असं तोंड बांधलेलं असताना नावाला एक दार मात्र मोकळं ठेवलं होतं, ते उखाण्याचं. उखाणा म्हणजे मुळात कोडं, आणि ते इथेही खरं आहे. पहिल्या ओळीत महादेव, तुळस, जाईजुई असं काहीही येतं. दुसरीत यमकाच्या आधारानं नाव निसटतं. गृहप्रवेशाला नणंद दार अडवते, मंगळागौरीला, डोहाळजेवणाला, हळदीकुंकवाला मैत्रिणी अडवतात. नाव घ्यायचं, पण कुणीतरी आग्रह केल्यावर, सगळ्यांसमोर आणि गाण्यासारखं. त्यात नवऱ्याला हाक नसते, म्हणून ते चालतं. आज सगळ्यांपुढे नवऱ्याला ‘अरे’ म्हणणारी मुलगीही उखाणा पाठ करून येते. तिच्यासाठी तो खेळ आहे.

रीत मोडण्याच्या वाटाही वेगवेगळ्या निघाल्या. 1873 साली अकरा वर्षांच्या रमाबाईंचं न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं. त्याच संध्याकाळी रानड्यांनी त्यांना विचारलं की, मी कोण, माझं नाव काय, तुला ठाऊक आहे का? आणि ते त्यांच्याकडून वदवून घेतलं. ही आठवण रमाबाईंनीच लिहून ठेवली आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त नवऱ्याला सरळ ‘टिळक’ म्हटलं. आडनाव घेतलं की नावही टळतं आणि ‘इकडे’चा आडपडदाही राहत नाही.

आजीला यातलं काहीच लाभलं नाही. आजोबा गेल्यावर हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. विधवेला कुणी उखाणा घे म्हणत नाही. वर्षातून चारदोनदा उघडणारं ते दारही बंद झालं. म्हणजे आता तिला ‘नाव सांगा’ म्हणणारा माणूस जगात एकच उरला होता, आणि तो खिडकीपलीकडचा कारकून होता.

परत येताना रिक्षात मी तिला म्हटलं, ‘‘आता घ्यायला काय हरकत आहे? आता आयुष्य थोडंच कमी होणार आहे?’’ ती बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘सवय नाही रे. आणि घेतलं तर वाटेल, हाक मारतेय.’’