रांग तुटली तो दिवस

१२ एप्रिल १७८२. वेस्ट इंडीजमध्ये डोमिनिका आणि ग्वाडलूप या बेटांच्या मधला समुद्र. जवळच ‘सेंत’ नावाची लहान बेटं.

पहाटे उजाडताना ब्रिटिश अॅडमिरल रॉडनीला दूरवर एक लंगडं फ्रेंच जहाज दिसतं. ‘झेले’ रात्री आपल्याच सेनापतीच्या ‘व्हिल द पारी’वर आदळलं होतं. पुढची डोलकाठी गेलेली, एक फ्रिगेट त्याला ओढून नेतंय. रॉडनी त्याच्यामागे चार जहाजं सोडतो. त्याला वाचवायला फ्रेंच सेनापती द ग्रास आपला ताफा खाली आणतो. वारा पूर्वेचा आणि वरची बाजू फ्रेंचांकडे. लढायचं की टाळायचं, हे इतके दिवस तेच ठरवत होते.

सातच्या सुमारास रॉडनी चारही जहाजं परत बोलावून रांग बांधतो. ३६ जहाजं, दोन जहाजांमध्ये साधारण १८५ मीटर अंतर, म्हणजे आठ-नऊ किलोमीटरची ओळ. एवढा खटाटोप का? कारण तोफा जहाजाच्या दोन्ही कुशींना असतात. पुढे नाळेवर आणि मागे मोजक्याच. कुशीच्या ओकच्या जाड भिंती गोळे झेलतात, मागची बाजू मात्र खिडक्यांची आणि पातळ फळ्यांची. रांगेत तुमची मागची बाजू मागचं जहाज झाकतं आणि पुढच्याची तुम्ही. या ओळीत टिकेल एवढं मजबूत तेच ‘रांगेतलं जहाज’. फ्रिगेटला तिथे जागा नाही.

तोफखान्याच्या मजल्यावर तोवर लाकडी पडद्या काढल्यात, रक्तावर पाय घसरू नये म्हणून वाळू पसरलीय.

पावणेआठ-आठला पहिले बार. दोन्ही रांगा उलट दिशांनी एकमेकींसमोरून सरकतात, ब्रिटिश उत्तरेला, फ्रेंच दक्षिणेला. एक शत्रू काही मिनिटंच समोर असतो, मग दुसरा येतो. ब्रिटिशांच्या खालच्या मजल्यावरच्या सर्वांत मोठ्या तोफेचा गोळा साडेचौदा किलोचा, आणि तोफ अडीच टनांहून जड. आधी ओल्या बोळ्याने नळी पुसायची, नाहीतर आतली ठिणगी पुढच्या दारूला पेटवते. मग काडतूस, गोळा, वर बोळा, प्रत्येक दट्ट्याने ठासलेलं. मग दोरखंडांनी तोफ खिडकीबाहेर ओढायची, नेम धरायचा, बाजूला व्हायचं. बार होताच ती मागे उसळते; वाटेत कुणाचा पाय असेल तर गेला. रॉडनीचा अधिकारी चार्ल्स डग्लस याने बऱ्याच तोफांना वातीऐवजी चकमकीचा घोडा बसवला होता आणि तोफ पुढे-मागे जास्त तिरपी वळावी म्हणून दोरांची रचना बदलली होती. त्यामुळे समोरचं जहाज सरकून जायच्या आधी एखादा बार जास्त बसे. तरीही अशा लढाया बहुधा अनिर्णित सुटत. दोन्ही रांगा शाबूत राहत, शिडं फाटत, माणसं मरत, आणि संध्याकाळी दोन्ही ताफे आपापल्या वाटेने जात.

सव्वानऊच्या सुमारास वारा दक्षिणेकडे फिरतो. सगळा दिवस इथे वळतो. दक्षिणेला चाललेल्या फ्रेंचांच्या तो तोंडावर येतो. शिडं उलटी भरतात, जहाजं कलतात, ओळीत फटी पडतात. ब्रिटिशांना तोच वारा सोयीचा. रॉडनीचं ‘फॉर्मिडेबल’ उजवीकडे वळून फ्रेंच ‘ग्लोरिय’च्या मागच्या फटीत शिरतं. वळायचा आग्रह डग्लसने धरला असं सांगतात; श्रेय कुणाचं यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला. माझ्या मते मोठा वाटा वाऱ्याचा. फटच नसती तर अॅडमिरल शिरणार कुठे?

फटीतून जाताना ‘फॉर्मिडेबल’च्या उजव्या तोफा जवळून ‘ग्लोरिय’च्या मागच्या बाजूत सुटतात. गोळा खिडक्या फोडून आत घुसतो आणि लांबच लांब मजल्यावरून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. कुशीत बसलेला गोळा फार तर एका तोफेची माणसं घेतो. हा वाटेतल्या अनेक तोफांची घेतो, आणि उत्तराला मागे तोफाच मोजक्या. मागून येणारी जहाजंही तेच करतात. थोड्याच वेळात ‘ग्लोरिय’वर एकही डोलकाठी उभी नाही. आणखी मागे ब्रिटिश ‘बेडफर्ड’ धुरात समोर शत्रू दिसेनासा झाल्यावर नकळत दुसऱ्या फटीतून पार होतं. ब्रिटिश पिछाडीचा सेनानी हूड याची तुकडी त्याच्यामागे जाते. फ्रेंच ताफ्याचे तुकडे पडतात.

दुपारी वारा पडतो, धूर जागीच राहतो. मग पाठलाग. एकेकटं गाठलेलं जहाज झाकायला शेजारी नाही. ‘सेझार’, ‘हेक्टर’, ‘आर्दां’, ‘ग्लोरिय’ हाती लागतात. ‘व्हिल द पारी’वर काडतुसं संपल्यावर दारू पळ्यांनी नळीत ओततात. साडेसहाच्या सुमारास द ग्रास निशाण उतरवतो.

रॉडनी तिथेच पाठलाग थांबवतो. हूडने पुढे पत्रांतून चिडून लिहिलं, की आणखी बरीच जहाजं धरता आली असती.

रात्री पकडलेल्या ‘सेझार’ला आग लागते. आग दारूपर्यंत पोचते आणि ते ताब्यात घेणारे इंग्रज आणि त्यावरचे फ्रेंच कैदी एकाच स्फोटात जातात.