न लिहिलेली उंची

यंत्रभागाच्या ड्रॉइंगवर प्रत्येक माप लिहिलेलं नसतं, आणि नसावंही. जी उंची बाकीच्या मापांवरून आपोआप ठरते, ती वेगळी लिहिली की एकाच गोष्टीबद्दल दोन आकडे होतात आणि पुढेमागे त्यांचं आपसांत जुळत नाही. म्हणून ड्राफ्ट्समन ती सोडून देतो, आणि मशीनवरच्या माणसाला ती शोधून काढावी लागते.

एक ठोकळा घेऊ. लांबी 80 मिलिमीटर. डाव्या टोकाला उंची 20, उजव्या टोकाला 60, आणि वरचा पृष्ठभाग डावीकडून उजवीकडे सरळ चढत गेलेला. या चढावर एक उभं भोक पाडायचं आहे. तिरक्या पृष्ठभागावर ड्रिल टेकवलं तर त्याचं टोक उताराच्या बाजूला घसरतं, म्हणून आधी 20 व्यासाच्या एंडमिलने तिथे सपाट बैठक करून घ्यायची. टॉप व्ह्यूमध्ये ही बैठक वर्तुळ म्हणून दिसते. तिचं केंद्र डाव्या कडेपासून 50 वर आहे. सूचना एवढीच, की बैठक पूर्ण गोल येईल इतकीच खोल घ्यावी. तळापासून तिची उंची किती, ते कुठेच लिहिलेलं नाही.

थर्ड अँगल पद्धतीत वस्तू ज्या बाजूने पाहिली, त्याच बाजूला ते चित्र काढतात. त्यामुळे टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या बरोबर वर बसतो. (फर्स्ट अँगलमध्ये तो खाली जातो, म्हणून कोपऱ्यातलं निमुळत्या शंकूचं चिन्ह आधी पाहावं. वर्तुळं शंकूच्या अरुंद टोकाकडे असतील तर थर्ड अँगल.) दोन्ही चित्रांत एकच गोष्ट सामाईक असते: डावी-उजवी जागा. टॉप व्ह्यूमध्ये कागदावर वर-खाली दिसतं ते वस्तूचं मागे-पुढे असतं. त्यात उंची शोधणं व्यर्थ. उंची फ्रंट व्ह्यूमध्येच मिळणार, पण नेमकी कुठे पाहायची ते टॉप व्ह्यू सांगतो.

आता वर्तुळाच्या सगळ्यात डाव्या बिंदूवरून गुण्याने सरळ खाली रेष सोडा. ती फ्रंट व्ह्यूमधल्या चढाच्या रेषेला जिथे छेदते, तिथून आडवी रेष काढा. हीच बैठकीची पातळी. डावा बिंदू का? कारण बैठकीच्या घेरातला तो सर्वांत सखल बिंदू. कटर तिथवर उतरला नाही, तर गोल पूर्ण होणारच नाही.

छेदबिंदूची उंची पट्टीने मोजू नये. प्रिंट लहान-मोठी झालेली असू शकते, शिवाय पेन्सिलच्या रेषेला स्वतःची जाडी असते. रेषेने जागा दाखवली की आकडा दहावीच्या समरूप त्रिकोणांनी काढावा. 80 लांबीत चढ 40, म्हणजे दर मिलिमीटरला अर्धा. डावा बिंदू 50 मधून त्रिज्येचे 10 वजा करून 40 वर येतो. तिथला चढ 20, अधिक डाव्या टोकाची उंची 20. बैठक तळापासून 40 वर. पडताळ्यासाठी उजव्या बिंदूवरूनही रेष सोडा. तो 60 वर आहे, तिथे पृष्ठभागाची उंची 50. म्हणजे बैठकीच्या उजव्या कडेला 10 मिलिमीटरची भिंत उभी राहायला हवी.

नेहमीची चूक म्हणजे वर्तुळाच्या केंद्रावरून रेष सोडणं. केंद्रावर उंची 45 निघते, आणि आकडा दिसायला अगदी पटण्यासारखा असतो. पण 45 वर कटर थांबवला तर त्याच्या डाव्या अर्ध्या भागाखाली धातूच नसतो; तिथला पृष्ठभाग त्याहून खाली आहे. जॉबवर अर्धचंद्र उमटतो. तो दिसला की समजावं, अजून 5 मिलिमीटर उतरायचं आहे. ही चूक निदान दुरुस्त होते. जास्त खाली गेलेली बैठक होत नाही.

चढ जितका उभा, तितकी जागेतली चूक उंचीत वाढते. आपल्या ठोकळ्यात रेष अर्धा मिलिमीटर सरकली तर उंची पाव मिलिमीटरच चुकते. चढ 60 अंशांचा असता तर तीच चूक जवळजवळ 0.9 मिलिमीटर झाली असती.

हे सगळं जमतं, कारण फ्रंट व्ह्यूमध्ये तिरका पृष्ठभाग एका रेषेसारखा दिसतो आणि खाली सोडलेली रेष त्याला एकाच ठिकाणी छेदते. हाच ठोकळा पुढून मागे चढत असता तर समोरून नुसता आयत दिसला असता आणि रेष टेकायला चढच मिळाला नसता. चढ सपाट आहे की कमानीसारखा वळलेला, हेही या दोन चित्रांवरून कळलं नसतं. तेव्हा बाजूचा व्ह्यू मागवावा लागतो: टॉप व्ह्यूमधलं मागे-पुढचं अंतर 45 अंशांच्या रेषेवरून वळवून तिथे न्यायचं, आणि चढाशी छेद तिथे पाहायचा.