दोन टॅब, एक मतदार

जावामध्ये ऑनलाइन मतदान प्रणाली करणारा एखादा गट इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात हमखास असतो. प्रोजेक्ट रिपोर्टच्या ॲब्स्ट्रॅक्टमध्ये ‘ही प्रणाली सुरक्षित व पारदर्शक आहे’ असं लिहिलेलं असतं आणि कन्क्लूजनमध्ये तेच वाक्य पुन्हा येतं. तोंडी परीक्षेत मग बाहेरचा परीक्षक विचारतो, ‘एकाच मतदारानं दोनदा मत दिलं तर?’

सहसा सर्व्हलेट आधी टेबलात पाहतो की या मतदाराचं मत पडलंय का, आणि नसेल तर नोंद करतो. पण मतदारानं दोन टॅब उघडून जवळजवळ एकाच क्षणी बटण दाबलं, तर दोन्ही विनंत्यांना ‘मत पडलेलं नाही’ हेच उत्तर मिळू शकतं आणि मतं दोन पडतात. एकट्यानं सावकाश तपासताना ही चूक कधीच दिसत नाही. ती डेटाबेसलाच अडवू द्यावी:

```sql
UNIQUE (voter_id, election_id)
```

आता दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो.

गुप्ततेचं दुखणं याहून अवघड आहे. मतदार आणि उमेदवार एकाच ओळीत असतील, तर डेटाबेस उघडणाऱ्याला कोणी कोणाला मत दिलं ते सरळ वाचता येतं. म्हणून ‘कोणी मतदान केलं’ हे एका टेबलात आणि नाव नसलेलं मत दुसऱ्यात ठेवतात. तरीही दोन्हीकडे वेळ किंवा चढता क्रमांक असेल, तर ओळी शेजारी मांडून जोड्या लावता येतात!

हे सगळं तपासून झालं की ॲब्स्ट्रॅक्ट असं लिहिता येईल: ‘कॉलेजच्या विद्यार्थी निवडणुकीसाठी सर्व्हलेट, जेएसपी आणि मायएसक्यूएल वापरून मतदान प्रणाली तयार केली. एका मतदाराचं एकच मत नोंदलं जाईल, अशी अट डेटाबेसमध्ये घातली आणि एकाच वेळी आलेल्या विनंत्यांवर ती तपासली.’ आणि कन्क्लूजन: ‘दुहेरी मत नाकारलं गेलं. मतदाराची ओळख मतापासून वेगळ्या टेबलात ठेवली आहे. मात्र सर्व्हर चालवणाऱ्यापासून मत गुप्त राहील, याची खात्री ही प्रणाली देत नाही. मतदाराच्या स्वतःच्या संगणकात व्हायरस असल्यास त्यावरही उपाय केलेला नाही.’

मर्यादा लिहिल्या तर मार्क कापले जातील, ही भीती मला अनाठायी वाटते. २०१० साली वॉशिंग्टन डीसीनं आपली इंटरनेट मतदान प्रणाली खऱ्या निवडणुकीआधी लोकांना तपासायला खुली केली, तेव्हा मिशिगन विद्यापीठाच्या गटानं ४८ तासांच्या आत तिचा ताबा घेऊन मतपत्रिका बदलल्या. त्यामुळे ‘ही प्रणाली विधानसभेसाठीही वापरता येईल’ हे फ्यूचर स्कोपमधलं लाडकं वाक्य खोडावं आणि तिथे पुढचं खरं काम लिहावं: मतांच्या टेबलातली वेळ व चढता क्रमांक काढून टाकणं.