पंधरा फुटांची चूक

आर या संगणकभाषेत `cars` नावाचा तक्ता आयताच मिळतो. १९२० च्या दशकातल्या मोटारींच्या ५० नोंदी आहेत त्यात: वेग ताशी किती मैल होता आणि ब्रेक लावल्यावर गाडी किती फुटांवर थांबली.

```
m <- lm(dist ~ speed, data = cars)
summary(m)
```

`lm` या नोंदींमधून सर्वांत जुळणारी सरळ रेघ काढते. उत्तरात `speed` पुढे 3.9324 दिसतं, म्हणजे वेग एक मैलाने वाढला की थांबायला सरासरी चार फूट जास्त लागतात. शेजारी तीन चांदण्या असतात आणि बहुतेकांची नजर तिथेच अडकते. चांदण्या एवढंच सांगतात की हा संबंध निव्वळ योगायोग वाटत नाही. अंदाज किती चुकेल, ते खालच्या ओळीत आहे:

```
Residual standard error: 15.38 on 48 degrees of freedom
```

प्रत्यक्ष अंतरातून रेघेने सांगितलेलं अंतर वजा केलं की उरतो तो रेसिड्युअल. पन्नासही रेसिड्युअलचे वर्ग करून बेरीज केली तर सुमारे ११,३५४ येते. तिला ४८ ने भागून वर्गमूळ काढलं की १५.३८. हे फूट आहेत, म्हणूनच मला हा आकडा चांदण्यांपेक्षा बोलका वाटतो. ताशी १५ मैलांना रेघ ४१ फूट सांगते. दोन्हीकडे साधारण तीस फूट धरले तर गाडी दहा फुटांवरही थांबेल किंवा सत्तरच्या पुढेही जाईल!

नोंदी ५०, मग भागायचं ४८ ने का? दोनच नोंदी असत्या, तर रेघ दोन्ही बिंदूंतून बरोबर गेली असती आणि चूक शून्य दिसली असती. ती शून्य चूक फसवी, कारण रेघेची उंची आणि चढ ठरवण्यातच दोन्ही नोंदी खर्च झाल्या. चूक मोजायला उरतात त्या ५० वजा २. या उरलेल्या संख्येलाच डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात.

ही संख्या आधी मनात काढून ठेवावी आणि मग पडद्यावर पाहावी. समजा, ४८ ऐवजी ३१ आले. बहुधा वेगाचा स्तंभ आकडे म्हणून नव्हे, मजकूर म्हणून वाचला गेलाय. या तक्त्यात १९ वेगवेगळे वेग आहेत. आर प्रत्येकासाठी वेगळी सरासरी काढतं आणि १९ नोंदी खर्ची पडतात. काही घरं रिकामी असतील तर त्या ओळी आर गाळतं. तसं ते खाली लिहितंही, पण वाचतो कोण?

१५.३८ ला मर्यादाही आहे. सगळ्या वेगांना चूक सारखीच पसरते, असं हा आकडा गृहीत धरतो. `cars` मध्ये तसं नाही. ताशी २४ मैलांना एक गाडी रेघेच्या अंदाजापेक्षा ४३ फूट पुढे गेली, तर ताशी ४ मैलांना रेघ उणे दोन फुटांच्या आसपास अंतर सांगते. `plot(m)` चं पहिलं चित्र काढलं की डावीकडे दाटीने असलेले ठिपके उजवीकडे पांगत गेलेले दिसतात.