बॅकअप घेतला, पण उघडून पाहिला का? कसाऱ्यातील एका दुकानाचा हिशोब

कसाऱ्यात हायवेला लागून आमच्या मामूंचं सिमेंट, पत्रे आणि पाईपचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात महिन्याच्या १४ तारखेला दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली. त्यानंतर दुकानातला कॉम्प्युटर चालू झाला नाही. हार्ड डिस्क गेली होती. मामू निर्धास्त होते. आम्हाला म्हणाले, "बेटा, बॅकअप तर मुलगा रोज घेतो. पेन ड्राईव्ह गल्ल्यातच आहे."

पेन ड्राईव्ह दुसऱ्या लॅपटॉपला लावला. त्यात टॅलीच्या चिन्हाची एक फाईल होती, आकार फक्त २ केबी. मुलगा रोज रात्री डेस्कटॉपवरचं टॅलीचं चिन्ह उचलून पेन ड्राईव्हवर टाकत होता. ते चिन्ह म्हणजे शॉर्टकट, घराच्या पत्त्याची चिठ्ठी. घर नव्हे. जवळपास वर्षभर त्या चिठ्ठीची कॉपी होत राहिली आणि कोणाला कळलं नाही, कारण फाईल दिसत होती.

जीएसटीआर-३बी भरायची मुदत २० तारीख. बँकेला कॅश क्रेडिटसाठी स्टॉक स्टेटमेंटही द्यायचं होतं. सहा दिवस घरातले सगळे बिलबुकांच्या कार्बन प्रती घेऊन बसले. खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या २बी मधून मिळाली, पैशांची आवक-जावक बँकेच्या स्टेटमेंटमधून. पण गोदामातला साठा आणि गिऱ्हाइकांची उधारी पोर्टलवर नसते, बँकेकडेही नसते. ती फक्त टॅलीत होती. काही ठेकेदारांनी आपणहून बाकी सांगितली, काहींनी कमी सांगितली. मामूंकडे त्यांना दाखवायला कागद नव्हता.

हे होऊ नये म्हणून काय करायचं, ते आम्ही त्या दुकानात बसवून पाहिलं. तेच इथे लिहीत आहोत.

आधी कायद्याचं थोडं. सीजीएसटी नियम ५७ असं सांगतो की हिशोब कॉम्प्युटरवर ठेवत असाल तर त्याचा योग्य बॅकअप असा ठेवा की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्या तर माहिती वाजवी वेळेत परत मिळवता येईल. म्हणजे नियमाला नुसती कॉपी नको आहे, परत मिळणं हवं आहे. आणि कलम ३६ प्रमाणे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचा असतो. २०२३-२४ चं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत होतं, म्हणजे त्या वर्षाचा हिशोब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत लागेल. तोवर दुकानात दोन कॉम्प्युटर बदलून झालेले असतात.

आता नेमकं काय जपायचं? मामूंच्या दुकानात चारच गोष्टी निघाल्या: टॅलीचा डेटा, उधारीची एक्सेल फाईल, बँकेला दिलेली स्टॉक स्टेटमेंट आणि भरलेल्या रिटर्नच्या पीडीएफ. बाकी फोटो, कोटेशन वगैरे गेले तरी दुकान चालतं. टॅलीचा डेटा कुठे आहे हे कंपनी निवडण्याच्या स्क्रीनवर दिसतं. तो मार्ग वहीत लिहून ठेवा. टॅलीप्राईममध्ये `Alt+Y` दाबून Backup निवडलं की कुठून घ्यायचं आणि कुठे ठेवायचं हे विचारतं. तयार होणाऱ्या फाईलचं नाव `TBK` ने सुरू होतं. मामूंची ती फाईल काही एमबीची होते. ती केबीमध्ये दिसली तर तिथेच थांबून बघायचं. कोणी मेनूऐवजी डेटाचा फोल्डरच सरळ कॉपी करत असेल तर आधी कंपनी बंद करावी, नाहीतर चालू असलेल्या फाईलची अर्धवट प्रत येते.

किती वेळा घ्यायचा, याचा हिशोब सोपा आहे. शेवटच्या बॅकअपनंतरचं सगळं हाताने पुन्हा भरावं लागतं. मामूंची दिवसाला तीस-चाळीस बिलं होतात. एका दिवसाची बिलं एका संध्याकाळी भरून होतात, आठवड्याची होत नाहीत. म्हणून रोज रात्री. ज्याची दिवसाला चार बिलं होतात त्याला आठवड्यातून दोनदाही पुरे.

ठेवायचा कुठे, हा खरा प्रश्न आहे, आणि इथे आम्ही एक मोठी गोष्ट सांगू, कारण ती आपल्या न्हावा शेवा बंदरापर्यंत आली होती. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा व्हायरस मर्स्क या जहाज कंपनीत शिरला आणि जगभरातले तिचे कॉम्प्युटर बंद पडले. जेएनपीटीतलं मर्स्क समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीकडे कोणाला कुठे प्रवेश आहे याची यादी सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते आणि प्रत्येकात तीच यादी होती. दीडशे प्रती असूनही सगळ्या एकदम गेल्या. कारण त्या सतत एकमेकींशी जोडलेल्या होत्या आणि एकीचं नुकसान दुसरीकडे पोहोचत होतं. एकच वाचली, आफ्रिकेतल्या घाना देशातली. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो सर्व्हर बंद होता. ती डिस्क माणसाच्या हातून विमानाने इंग्लंडला नेऊन कंपनीने काम परत उभं केलं.

कसाऱ्यात वीज जाण्याचं आपल्याला कौतुक नाही, पण इथे समजायची गोष्ट तीच आहे. कॉम्प्युटरला कायम लावलेला पेन ड्राईव्ह कॉम्प्युटरसोबतच जातो. व्हायरस फाईलींना कुलूप लावतो तेव्हा लावलेल्या ड्राईव्हलाही लावतो. गुगल ड्राईव्हला जोडलेल्या फोल्डरचंही तसंच. इथून फाईल खराब झाली की खराब फाईलच वर जाते. गुगल जुनी आवृत्ती सहसा ३० दिवस ठेवतं, पण खराबी दीड महिन्याने लक्षात आली तर उपयोग नाही.

म्हणून मामूंकडे आता दोन पेन ड्राईव्ह आहेत, एकावर हिरवी पट्टी, एकावर लाल. एका आठवड्यात हिरवा, दुसऱ्यात लाल. बॅकअप झाला की काढून घ्यायचा. ज्याचा आठवडा नाही तो दुकानात राहत नाही, खर्डीला मोठ्या खालाकडे जातो. हे आम्ही मुद्दाम केलं. जुलै २०२१ मध्ये २१ तारखेच्या रात्री कसारा-उंबरमाळी भागात रुळांवर पाणी, माती आणि दगड आले आणि गाड्या बंद झाल्या होत्या. त्याच पावसात चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. अशा वेळी दुकान आणि बॅकअप एकाच छताखाली असेल तर दोन्ही भिजतात. शिवाय महिनाअखेरची एक `TBK` फाईल तारखेचं नाव दिलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये गुगल ड्राईव्हवर हाताने चढवली जाते, आणि ३१ मार्चची फाईल कधीच पुसायची नाही. रोजच्या प्रती फिरत्या राहतात, या प्रती स्थिर.

इथपर्यंत बहुतेक दुकानदार येतात. पुढचं मात्र कोणी करत नाही.

महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा आम्ही बॅकअप उघडून पाहतो. गुरुवारी रात्री बॅकअप घेण्याआधी मुलगा वहीत पाच आकडे लिहितो: शेवटच्या विक्री बिलाचा नंबर आणि तारीख, रोख शिल्लक, ट्रायल बॅलन्सची एकूण बेरीज, साठ्याची किंमत आणि कोणत्याही एका उधारी खात्याची बाकी. दुसऱ्या दिवशी घरच्या लॅपटॉपवर एक रिकामा फोल्डर करायचा:

```
D:\RestoreTest
```

मग `Alt+Y`, Restore. कुठून म्हणजे पेन ड्राईव्ह, कुठे म्हणजे हा नवा फोल्डर. दुकानाच्या चालू डेटाचा मार्ग इथे कधीही द्यायचा नाही, नाहीतर जुना डेटा ताज्या डेटावर बसतो. चाचणी दुकानाच्या कॉम्प्युटरवर करायची नाही, याचं हे एक कारण. दुसरं असं की खऱ्या संकटात तो कॉम्प्युटर नसणारच. कंपनी उघडली की पाच आकडे वहीशी ताडून पाहायचे.

पहिल्या चाचणीला सगळं झटपट उघडलं आणि मुलगा खूश झाला. पण वहीत शेवटचं बिल ११८४ होतं, इथे ११२९. बिलाची तारीख दोन दिवस मागची. रिपोर्ट नीट, बेरजा जुळलेल्या, चूक म्हणून काहीच दिसत नव्हतं. शोधल्यावर कळलं की दोन दिवसांपूर्वी दुरुस्तीवाल्याने डेटा C ड्राईव्हवरून D वर हलवला होता. टॅली नवा डेटा उघडत होती, पण बॅकअप घेताना मुलगा सवयीने जुनाच मार्ग `C:\Users\Public\TallyPrime\data` देत होता. जुना फोल्डर तिथेच पडून होता, त्यामुळे एररही आला नाही. आकडे ताडले नसते तर हे कित्येक महिने चाललं असतं. मार्ग बदलला, जुना फोल्डर सरळ काढून टाकला, त्याच संध्याकाळी पुन्हा चाचणी घेतली. बिल नंबर जुळला, साठा जुळला, ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत जुळला. लॅपटॉप चालू करण्यापासून आकडे जुळेपर्यंत पाऊण तास लागला, तोही वहीत लिहिला. आता डिस्क गेली तर किती वेळाने दुकान उभं राहील हे मामूंना माहीत आहे.

दोन अडचणी राहतात. नव्या आवृत्तीच्या टॅलीत घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून घरच्या लॅपटॉपवर तीच किंवा नवी आवृत्ती हवी. आणि टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावला असेल आणि तो विसरला, तर बॅकअप शाबूत असूनही डेटा उघडत नाही. टॅलीकडेही त्याची दुसरी चावी नसते. मामूंनी तो कागदावर लिहून बंद पाकिटात मामींच्या कपाटात ठेवला आहे. पुढच्या चाचणीला आम्ही पासवर्ड मुलाला न विचारता त्या पाकिटातलाच वापरणार आहोत, लिहिताना एखादं अक्षर चुकलंय का ते पाहायला.