कांद्याची आवक आणि सरासरीचा हिशेब

कांद्याचे बाजारभाव आपण वर्तमानपत्रात रोज वाचता. कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके आणि सर्वसाधारण इतके, अशी एका ओळीची ती नोंद असते. शहरातल्या वाचकाला त्यावरून भाजी महागणार की उतरणार एवढाच अंदाज हवा असतो. निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याला मात्र त्याच ओळीवरून ठरवायचं असतं की चाळ आज फोडायची की आणखी पंधरा दिवस थांबायचं. थांबणं काही फुकट नसतं. चाळीतला कांदा सुकतो, सडतो, कोंब धरतो. सगळा पावसाळा काढला तर पाव हिस्सा वजन सहज जातं, कधी त्याहूनही जास्त.

आमच्या शेतकरी सहकारी संस्थेसाठी मी दर आठवड्याला आवक आणि भावाचा गोषवारा तयार करतो. बाजार समितीच्या रोजच्या नोंदी, पणन मंडळाने प्रसिद्ध केलेले आकडे आणि सभासदांनी आणून दिलेल्या विक्रीच्या पट्ट्या, एवढी त्याची सामग्री. काम एका पानाचं. पण त्या पानावरचा एक आकडा चुकीच्या रीतीने काढला, तर चांगल्या चांगल्या माणसांचा अंदाज फसतो.

आधी हे तीन भाव कुठून येतात ते पाहू. लासलगावसारख्या बाजारात ट्रॅक्टर आणि पिकअप ओळीने उभे राहतात, व्यापारी वाहनापाशी येऊन माल पाहतात आणि क्विंटलमागे बोली लावतात. प्रत्येक वाहनाचा भाव वेगळा. दिवसभरातल्या एखाद्या ट्रॉलीत नुसती बारीक गोल्टी असेल, तर तिचा भाव 'कमीत कमी' म्हणून नोंदला जातो. एखाद्या ट्रॉलीत निवडक, मोठा, चमकदार माल असेल, तर तिचा भाव 'जास्तीत जास्त'. मथळ्यात बहुतेक वेळा हाच दुसरा आकडा येतो, आणि तो कदाचित एकाच शेतकऱ्याला मिळालेला असतो. गोषवाऱ्यासाठी उपयोगाचा तो सर्वसाधारण भाव, म्हणजे ज्या भावाच्या आसपास त्या दिवशी बराचसा माल विकला गेला तो.

आता आठवड्याचा भाव काढू. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे मी कल्पून घेतो. सोमवारी १८,००० क्विंटल आवक झाली आणि सर्वसाधारण भाव १,५०० रुपये निघाला. मंगळवारी १२,००० क्विंटल, भाव १,६००. बुधवारी १०,००० क्विंटल, भाव १,७००. गुरुवारी बाजार बंद. शुक्रवारी १६,००० क्विंटल, भाव पुन्हा १,५००. शनिवारी अवघे ४,००० क्विंटल आणि भाव १,९००.

पाच भावांची बेरीज करून पाचाने भागलं की १,६४० रुपये येतात. पण शनिवारचे १,९०० रुपये फार थोड्या मालाला मिळाले आणि सोमवारचे १,५०० सगळ्यात जास्त मालाला. म्हणून प्रत्येक दिवसाचा भाव त्या दिवसाच्या आवकेने गुणायचा, ती सगळी रक्कम एकत्र करायची आणि एकूण आवकेने भागायचं. इथे रक्कम होते ९ कोटी ४८ लाख, एकूण आवक ६०,००० क्विंटल, आणि भाव निघतो १,५८० रुपये. फरक क्विंटलला ६० रुपयांचा. पंचवीस क्विंटलच्या एका ट्रॉलीला तो दीड हजार रुपये होतो. ज्या दिवशी माल कमी येतो त्या दिवशी भाव बहुधा चढा असतो. त्यामुळे साधी सरासरी बहुतेक वेळा प्रत्यक्षापेक्षा गोडच दिसते.

गुरुवारचं काय? बंद दिवस म्हणजे शून्य भाव नव्हे. संगणकाच्या तक्त्यात त्या जागी कुणी शून्य भरलं आणि सहाने भागलं, तर सरासरी १,३६७ वर उतरते आणि भाव कोसळल्याचा भास होतो. ती जागा रिकामीच ठेवायची.

आवकेच्या बाबतीत बंद दिवस याहून अवघड फसवणूक करतो. समजा, आधीच्या आठवड्यात बाजार सहा दिवस भरला होता आणि एकूण आवक ६६,००० क्विंटल होती. या आठवड्यात ती ६०,००० झाली. आवक घटली, आता भाव चढणार, असं कोणीही म्हणेल आणि चाळ झाकून ठेवील. पण दिवसाचा हिशेब करा. तेव्हा दिवसाला ११,००० क्विंटल येत होते, आता १२,००० येत आहेत. माल वाढतो आहे. घटला तो बाजाराचा एक दिवस. म्हणून आमच्या पानावर एकूण आवकेच्या शेजारी 'बाजाराचे दिवस' असा एक रकाना असतोच.

आवक दुप्पट दिसण्याची एक जागाही ठाऊक हवी. लासलगाव बाजार समितीचे निफाड आणि विंचूर इथे उपबाजार आहेत. एका नोंदीत तिन्ही ठिकाणांची बेरीज असेल आणि दुसऱ्या नोंदीत प्रत्येकाचा आकडा वेगळा असेल, तर दोन्ही मिसळल्यावर तोच कांदा दोनदा मोजला जातो. आवक एकदम फुगली पण भाव जागचा हलला नाही, की आधी हाच संशय घ्यावा. कालचे चारही आकडे आज जसेच्या तसे आले असतील, किंवा सर्वसाधारण भाव जास्तीत जास्त भावाच्याही वर असेल, तर ती नोंद लिहिताना काही तरी चुकलेलं असतं. अशी नोंद मूळ जागी विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

सगळ्यात जपावं लागतं ते हंगाम बदलताना. नोव्हेंबरच्या सुमारास चाळीतला जुना उन्हाळ कांदा संपत येतो आणि शेतातून नवा लाल कांदा यायला लागतो. समजा, एका आठवड्यात उन्हाळ ९,००० क्विंटल २,४०० रुपयांनी आणि लाल १,००० क्विंटल १,६०० रुपयांनी विकला. दोन्ही मिळून भाव निघतो २,३२०. काही आठवड्यांनी दोन्ही पाच-पाच हजार क्विंटल आले, भाव मात्र तेच राहिले. आता एकत्र भाव येतो २,०००. कांदा ३२० रुपयांनी पडला, अशी बातमी होईल. पण उन्हाळ एका रुपयानेही उतरलेला नाही आणि लालही नाही. बदललं ते फक्त मिश्रण. घाबरून चाळ रिकामी करणाऱ्याला हे आधी कळायला हवं. म्हणून दोन्ही कांद्यांच्या ओळी आम्ही वेगळ्या ठेवतो आणि त्यांची एकत्र सरासरी छापत नाही.

इतकं करूनही हा भाव शेतकऱ्याच्या हातात पडेलच असं नाही. लिलावानंतर माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर उतरतो. तिथे खालचा कांदा हलका निघाला, तर वांधा पडतो आणि ठरलेला भाव कमी केला जातो. लिलावाच्या नोंदीत मात्र पहिलीच बोली असते. तोलाई, हमाली वजा होते ती आणखी वेगळी. म्हणून सभासदांच्या पट्ट्यांवरून निघालेला भाव आम्ही बाजाराच्या भावाखालीच, स्वतंत्र ओळीत देतो. दोन ओळींतलं अंतर दर आठवड्याला साधारण सारखं राहिलं, तर ठीक. ते अचानक वाढलं, तर एक तर आमचा माल हलका जातो आहे किंवा वांधे वाढले आहेत. कोणत्या पट्ट्यांत भाव कापला गेला ते पाहिलं, की दोहोंपैकी काय घडलं ते उलगडतं.

पुढच्या आठवड्याचा भाव या पानावर नसतो, आणि सभासद तोच आधी विचारतात. झालेल्या आठवड्यात कोणता कांदा, किती दिवसांत, किती आला आणि कशाने गेला, एवढंच ते पान सांगतं. चाळ फोडायची की नाही, हे ज्याचं त्याने आपल्या चाळीतला कांदा हातात घेऊन ठरवायचं.